स्टार्ट-स्टॉप दोन दिवस चालते आणि पुन्हा थांबते: कारण कसे शोधावे, बटण केव्हा दाबावे

लांबचा प्रवास करून आल्यावर दोन-तीन दिवस सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. आठवड्याच्या मध्याला मात्र डॅशबोर्डवरील 'A' या खुणेवर तिरपी रेघ दिसू लागते, इंजिन प्रत्येक सिग्नलवर चालूच राहते आणि पुढचा लांबचा प्रवास होईपर्यंत त्यात फरक पडत नाही. इशाऱ्याचा पिवळा दिवा लागत नाही आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला स्कॅनर जोडला तरी दोषाची नोंद सापडत नाही. ही तक्रार याच क्रमाने वारंवार येत असेल तर स्टार्ट-स्टॉप यंत्रणेत बिघाड असण्याची शक्यता कमी असते. बॅटरीचा जमाखर्च रोज थोडा तुटीत जात आहे हे यंत्रणेने ओळखलेले असते आणि म्हणूनच ती इंजिन बंद करण्याचे टाळते. त्यामुळे यंत्रणा दुरुस्त करण्याच्या मागे न लागता ती तूट कोठे होते हे शोधणे हा योग्य मार्ग आहे.

इंजिन बंद होण्याआधी काय तपासले जाते

मॅन्युअल गिअरच्या गाडीत आपण थांबून गिअर न्यूट्रलला आणतो आणि क्लचवरून पाय काढतो, तेव्हा इंजिन बंद करण्याची विनंती नियंत्रण संगणकाकडे जाते. ऑटोमॅटिक गाडीत गाडी पूर्ण थांबलेली असताना ब्रेक दाबून धरणे हीच ती विनंती असते. विनंती मान्य होण्याआधी अनेक अटी तपासल्या जातात. इंजिन पुरेसे तापलेले असावे लागते, ड्रायव्हरचा सीटबेल्ट लावलेला असावा लागतो, दार आणि बॉनेट बंद असावे लागते, ब्रेक बूस्टरमध्ये पुरेसा व्हॅक्यूम असावा लागतो आणि ए.सी.ने केबिनचे तापमान मागितलेल्या पातळीजवळ आणलेले असावे लागते. समोरच्या काचेवरील वाफ घालवण्याची सोय पूर्ण जोरात चालू असेल, गाडी तीव्र चढ-उतारावर उभी असेल, स्टिअरिंग बरेच वळलेले असेल किंवा डिझेल गाडीत काजळीच्या फिल्टरची स्वच्छता चालू असेल, तर बहुतेक गाड्यांत इंजिन बंद होत नाही.

या अटींची तपासणी इंजिन बंद झाल्यावरही सुरूच राहते. केबिन तापू लागली, ब्रेक वारंवार दाबल्याने व्हॅक्यूम कमी झाला किंवा बॅटरीचे व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली आले, तर सिग्नल लाल असतानाच इंजिन स्वतःहून सुरू होते. अनेकांना हा बिघाड वाटतो, पण तो यंत्रणेच्या रचनेचाच भाग आहे.

या सर्व अटींत सर्वांत जास्त वेळा अडवणारी अट बॅटरीची असते. अशा गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक लहान सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून निघणारा विद्युतप्रवाह, तिचे व्होल्टेज आणि तापमान या तीन गोष्टी तो सतत मोजतो, आणि त्यांवरून बॅटरी किती भरलेली आहे याचा अंदाज संगणक बांधतो. गाडी काही तास कुलूपबंद आणि शांत उभी राहिली की स्थिर झालेल्या व्होल्टेजवरून हा अंदाज दुरुस्त करून घेतला जातो. येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. अशा अनेक गाड्यांमध्ये बॅटरी मुद्दामच पूर्ण भरली जात नाही. ब्रेक लावताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर अल्टरनेटरकडून फुकट मिळणारी वीज साठवता यावी म्हणून ती साधारण ८० टक्क्यांच्या आसपास ठेवली जाते. म्हणजे निरोगी गाडीतही बॅटरीची नेहमीची पातळी आणि स्टार्ट-स्टॉप थांबवण्याची पातळी यांत फार मोठे अंतर नसते.

तूट कशी साठत जाते

बहुतेकांचा समज असा असतो की पुन्हा पुन्हा स्टार्टर फिरल्यामुळे बॅटरी उतरते. आकडे मांडून पाहिले की खर्चाचा मोठा भाग दुसरीकडेच असल्याचे दिसते. पुढील आकडे एका मध्यम पेट्रोल गाडीसाठी समजण्यापुरते धरले आहेत. प्रत्येक गाडीत ते वेगळे असतील.

समजा, संध्याकाळचा ३५ मिनिटांचा शहरी प्रवास आहे आणि वाटेत ९ वेळा प्रत्येकी ४० सेकंद इंजिन बंद राहते. एकूण ३६० सेकंद, म्हणजे तासाचा दहावा भाग. या काळात अल्टरनेटर फिरत नसल्याने हेडलाइट, पंखा, स्क्रीन, संगीत आणि गाडीचे संगणक या सर्वांचा भार एकट्या बॅटरीवर पडतो. तो ३० अँपिअर धरला तर ३ अँपिअर-तास खर्च झाले. आता स्टार्टरकडे पाहू. गरम इंजिन जेमतेम अर्ध्या सेकंदात सुरू होते. सरासरी २५० अँपिअर ०.६ सेकंद लागले असे मानले तर एका वेळेचा खर्च सुमारे ०.०४ अँपिअर-तास होतो आणि ९ वेळांचा सुमारे ०.४. म्हणजे स्टार्टरचा खर्च दिवे आणि पंख्याच्या खर्चाच्या सातव्या भागापर्यंतही पोहोचत नाही. बॅटरी उतरते ती इंजिन बंद असताना चालू राहिलेल्या उपकरणांमुळे.

उरलेल्या २९ मिनिटांत बॅटरीला सरासरी ८ अँपिअर मिळाले तर सुमारे ३.९ अँपिअर-तास परत येतात आणि ३.४ चा खर्च भरून निघतो. नवी बॅटरी असताना सर्व काही सुरळीत वाटते ते याचमुळे. बॅटरी जुनी झाली की ती तितक्या वेगाने भरून घेत नाही. हेच भरणे सरासरी ६ अँपिअरवर आले तर परत येतात फक्त २.९, म्हणजे प्रत्येक फेरीत ०.५ ची तूट. जाणे-येणे मिळून रोज १ अँपिअर-तास कमी पडू लागतो.

आता त्यात गाडी उभी असतानाही चालू राहणारा डॅशकॅम मिळवू. तो पाव अँपिअर घेत असेल आणि पार्किंगमध्ये रोज १० तास चालत असेल तर त्याचे २.५ अँपिअर-तास होतात. रोजची एकूण तूट ३.५ झाली. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर ८० टक्के भरणा म्हणजे ४८, आणि यंत्रणा ७० टक्क्यांना थांबत असेल तर ती पातळी ४२ ची. मधले अंतर ६ अँपिअर-तासांचे, आणि ते दोन दिवसांत संपते. लांबच्या प्रवासात बॅटरी वर येते, सोमवार-मंगळवार चांगले जातात आणि बुधवारी रेघ उमटते, या वेळापत्रकामागे एवढेच गणित आहे.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी

काही उघडण्यापूर्वी दोष कोणत्या वेळी दिसतो हे आठवडाभर लिहून ठेवावे, कारण त्या नोंदीतून अर्धे निदान होते. यंत्रणा कधीच चालत नसेल, अगदी लांबच्या प्रवासानंतरही चालत नसेल, तर बॅटरीच्या आधी बॉनेटचा स्विच, सीटबेल्टचा स्विच, क्लच पेडलचा स्विच किंवा ब्रेक व्हॅक्यूमचा सेन्सर संशयास्पद ठरतो. बॉनेटच्या लॅचमध्ये धूळ साचून त्याचा स्विच अडकला तर संगणकाला बॉनेट उघडेच वाटत राहते. फक्त सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरमध्ये यंत्रणा चालत नसेल तर इंजिन थंड असण्यापलीकडे शोधण्यासारखे काही नसते. दुपारच्या उन्हातच ती थांबत असेल तर कारण ए.सी. असते. दिवसांगणिक हळूहळू थांबत जाणे आणि लांबच्या प्रवासानंतर परत येणे, ही मात्र बॅटरीच्या भरण्याची खूण आहे.

शंका असल्यास एक सोपी चाचणी घ्यावी. अर्धा तास सलग गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम करावे, ए.सी., मागच्या काचेचा हीटर आणि इतर उपकरणे बंद करावीत, सपाट जागी चाके सरळ ठेवून थांबावे आणि सीटबेल्ट लावलेला ठेवून गिअर न्यूट्रलला आणावा व क्लचवरून पाय काढावा; ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून धरावा. अशा स्थितीत इंजिन बंद झाले तर यंत्रणेचे भाग चांगले आहेत. नाही झाले तर चांगल्या स्कॅनरवर चालू मूल्यांच्या यादीत स्टार्ट-स्टॉप कोणत्या अटीमुळे अडले आहे ते अनेक गाड्यांत वाचता येते. दोषांच्या यादीत काहीच नाही असे सांगून गाडी परत दिली गेली असेल, तर ही दुसरी यादी उघडून दाखवण्याचा आग्रह जरूर धरावा. दोष नोंदलेला नसणे आणि अट अडलेली नसणे या वेगळ्या बाबी आहेत.

बॅटरीकडे वळल्यावर पहिले काम ती पूर्ण भरणे हे आहे. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत एजीएम किंवा ईएफबी या खास प्रकारच्या बॅटऱ्या असतात; त्यांच्यासाठी योग्य असा स्वयंचलित चार्जर वापरावा. व्होल्टेजवर नियंत्रण नसलेला जुना चार्जर लावू नये, कारण साधारण १४.८ व्होल्टच्या वर गेल्यास एजीएम बॅटरी आतून कोरडी पडू लागते आणि तिच्यात पाणी भरता येत नाही. चार्जरची पॉझिटिव्ह पकड बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लावावी. निगेटिव्ह पकड मात्र टर्मिनलला न लावता गाडीच्या बॉडीवर उत्पादकाने दाखवलेल्या अर्थच्या जागी लावावी. थेट टर्मिनलला लावल्यास येणारी वीज सेन्सरला वळसा घालून बॅटरीत जाते आणि बॅटरी भरल्याचे संगणकाला त्या वेळी कळतच नाही. रात्रभर चार्ज केल्यानंतर गाडी कुलूप लावून काही तास अजिबात हात न लावता उभी ठेवावी आणि मग मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. १२.७ किंवा त्याहून थोडे जास्त म्हणजे बॅटरी भरलेली आहे. तशाच विश्रांतीनंतर १२.४ दिसणे म्हणजे साधारण तीन चतुर्थांश आणि १२.२ म्हणजे जवळपास निम्मी.

येथेच अनेक जण फसतात. व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली आहे ते कळते. तिच्यात आता किती मावते ते कळत नाही. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमून तिची क्षमता ३५ वर आली असली तरी पूर्ण भरल्यावर ती १२.७ व्होल्टच दाखवते. म्हणून पुढचा टप्पा असा ठेवावा: पूर्ण भरल्यानंतर डॅशकॅम, ट्रॅकर, वेगळा ॲम्प्लिफायर अशी बाहेरून जोडलेली सर्व उपकरणे काढावीत आणि नेहमीचाच प्रवास करावा. यंत्रणा पूर्वीप्रमाणेच दोन-तीन दिवसांत थांबली तर बॅटरीची क्षमता गेलेली असण्याची शक्यता मोठी, आणि बॅटरी टेस्टरवर तपासून ती बदलण्याची तयारी ठेवावी. यंत्रणा दोन-तीन आठवडे चालत राहिली तर बॅटरी बरी आहे आणि वीज त्या उपकरणांतून जात होती.

उपकरणे काढूनही शंका उरली तर उभ्या गाडीतील गळती मोजावी. लहान डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलभोवती लावून गाडी लॉक करावी, किल्ली दूर ठेवावी आणि सर्व संगणक झोपी जाण्यासाठी अर्धा ते एक तास थांबावे. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आतला आकडा सामान्य समजला जातो. लॉक केल्यावर लगेच वाचलेला मोठा आकडा फसवा असतो, कारण तेव्हा संगणक जागेच असतात.

डॅशकॅम हवाच असेल तर दोन बदल करावेत. त्याची अर्थची तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून काढून बॉडीवर न्यावी. टर्मिनलवर जोडलेली असताना डॅशकॅमने घेतलेली वीज सेन्सरला दिसत नाही, बॅटरी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा भरलेली आहे असे संगणक मानतो आणि ती कमकुवत असतानाही इंजिन बंद करीत राहतो. मग सिग्नल हिरवा झाल्यावर स्टार्टर रेंगाळत फिरतो. दुसरा बदल डॅशकॅमच्या कटऑफ व्होल्टेजचा, म्हणजे बॅटरी ज्या व्होल्टेजपर्यंत उतरल्यावर डॅशकॅम स्वतः बंद होतो त्याचा. तो ११.८ किंवा १२.० वर ठेवलेला असेल तर गाडी कशीबशी सुरू होईल एवढीच काळजी घेतली जाते. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत तो १२.४ वर ठेवणे मला योग्य वाटते.

बॅटरी बदलण्याची वेळ आल्यास ज्या प्रकारची होती त्याच प्रकारची घ्यावी. एजीएमच्या जागी ईएफबी किंवा ईएफबीच्या जागी साधी बॅटरी बसवली तर सुरुवातीला सर्व छान चालते, परंतु थोडे रिकामे होणे आणि पुन्हा भरणे हे चक्र दिवसातून अनेक वेळा सोसण्यासाठी साधी बॅटरी बनवलेलीच नसते आणि तीच तक्रार लवकर परत येते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. ती राहिली तर संगणक जुन्या बॅटरीच्या वयाप्रमाणेच चार्जिंग ठरवीत राहतो, आणि नवी बॅटरी घालूनही रेघ जात नाही याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

बटण केव्हा दाबावे

गरम इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारे इंधन काही सेकंद आयडलिंगला लागते तेवढेच असते, म्हणून थांबा साधारण १० सेकंदांपेक्षा मोठा असेल तर इंजिन बंद होण्यात फायदा आहे. वरच्या उदाहरणात इंजिन ६ मिनिटे बंद राहिले. आयडलिंगला ताशी ०.७ लिटर लागत असतील तर त्या फेरीत सुमारे ७० मिलिलिटर पेट्रोल वाचले. रोजच्या वापरात ही बचत लक्षात येण्याजोगी आहे आणि स्टार्टर झिजेल या भीतीपोटी ती सोडण्याचे कारण नाही. या गाड्यांचा स्टार्टर जास्त वेळा फिरण्यासाठीच मजबूत बनवलेला असतो, आणि इंजिनची मुख्य झीज तेल खाली उतरलेल्या थंड इंजिनाच्या पहिल्या स्टार्टमध्ये होते. अर्ध्या मिनिटासाठी थांबलेल्या गरम इंजिनात बेअरिंगवर तेलाचा थर शिल्लक असतो.

ट्रॅफिक दर पाच-सहा सेकंदांनी एक गाडीभर पुढे सरकत असेल तर मात्र बटण दाबून यंत्रणा बंद ठेवावी, कारण अशा थांब्यांत बचत होत नाही आणि बॅटरी फक्त रिकामी होत जाते. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक हलका दाबला तर इंजिन चालू राहते आणि पक्का दाबला तर बंद होते. ही सवय जमली तर बटणाची गरज कमी पडते. वाहत्या रहदारीत शिरण्यासाठी क्षणाची फट शोधत चौकात उभे असताना, किंवा पार्किंगमध्ये पुढे-मागे करताना, इंजिन चालू असणेच बरे. सुरू होण्यास लागणारा अर्धा सेकंद तेथे महागात पडू शकतो.

पाणी साचलेल्या रस्त्यात शिरण्यापूर्वी बटण न विसरता दाबावे. सायलेन्सरचे तोंड पाण्याखाली असताना चालू इंजिनाचा धूर पाणी बाहेर ढकलत असतो आणि इंजिन थांबले की पाणी आत चढू शकते. टर्बो असलेली गाडी भरलेल्या वजनासह मोठा चढ चढून आल्यावर लगेच थांबवायची असेल, तर मिनिटभर इंजिन चालू ठेवणे हितकारक आहे, कारण इंजिन थांबताच तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधला तेलाचा प्रवाहही थांबतो. पुष्कळ गाड्या ही काळजी स्वतः घेतात, पण आपल्या गाडीत तशी सोय आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. बॉनेट उघडण्यापूर्वी तर हे बटणही पुरेसे नाही: इंजिन आपोआप थांबलेले असताना ते केव्हाही सुरू होऊ शकते, म्हणून इग्निशन पूर्ण बंद केल्याशिवाय पंख्याजवळ किंवा बेल्टजवळ हात नेऊ नये.

बॅटरी कमकुवत असल्याचे कळले असेल आणि ती बदलण्यास काही दिवस लागणार असतील, तर त्या काळात प्रत्येक फेरीला यंत्रणा बंद ठेवावी. बहुतेक गाड्यांत इग्निशन नव्याने चालू केल्यावर यंत्रणा आपोआप पुन्हा सक्रिय होते, त्यामुळे बटण दर वेळी दाबावे लागते. यंत्रणा कायमची बंद राहावी म्हणून बाहेरून बसवायचे छोटे मॉड्यूल मिळतात, परंतु रोजची तूट सुरू असताना असे मॉड्यूल लावले तर डॅशबोर्डवरील रेघेतून मिळणारी आगाऊ सूचनाही नाहीशी होते, आणि मग बॅटरी गेल्याचे थेट एखाद्या सकाळी गाडी सुरू न झाल्यावरच कळते.